मिश्रण आणि उतारा

परिव्यय लेखांकनात ‘यील्ड’ हा शब्द आला की आपल्याकडचा ‘उतारा’ आठवतो. माझे कन्नड वर्गमित्र त्याला ‘इळुवरी’ म्हणतात. शंभर किलो माल घातला तर हाती किती आले, एवढाच त्याचा अर्थ. माझी मावशी मसाल्याच्या एका कारखान्यात भाजणीवर आहे. उतारा घटला की बोलणी भाजणीच्या बायकांना बसतात. म्हणून हे प्रकरण मी जरा बारकाईने वाचले.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. प्रमाण असे ठरले आहे: ब्याडगी मिरची ४० किलो, दर ३०० रुपये, धने ४० किलो, दर १०० रुपये, सुके खोबरे २० किलो, दर २०० रुपये. एकूण १०० किलो, खर्च २०,००० रुपये. देठ, ओलावा आणि चाळ वजा जाता ८० किलो मसाला मिळावा. म्हणजे किलोला २५० रुपये.

प्रत्यक्षात मिरची ३० किलो, धने ५० आणि खोबरे २० किलो घातले. प्रमाण दरानेच हिशेब केला तर खर्च १८,००० रुपये होतो. दर तेच धरल्यामुळे बाजारभावाचा चढउतार यात येत नाही. हे २,००० रुपयांचे मिश्रण विचलन अनुकूल. मसाला मात्र ७६ किलोच निघाला. चार किलोची तूट, २५० रुपयांनी १,००० रुपये. हे उतारा विचलन प्रतिकूल. दोन्ही मिळून १,००० रुपये अनुकूल.

आता तक्त्यात बचत खरेदी खात्याच्या नावावर जाते आणि तूट भाजणीच्या. पण धन्याची जाडी सालपटे चाळणीवर राहिल्याने चार किलो गेले असतील, तर तूट त्याच निर्णयाची आहे. म्हणून ही दोन विचलने सुटी वाचू नयेत.

कारण शोधायला तीन ठिकाणी वजन करावे: निवडल्यावर, भाजल्यावर आणि चाळल्यावर. घट चाळणीत दिसली तर दोष मिश्रणाचा किंवा दळणाचा. भाजताना दिसली तरी लगेच बायकांना दोष देता येत नाही. पावसाळ्यात मिरची ओलावा धरते; आपण पाणी मिरचीच्या भावाने तोलून घेतो आणि कढईत ते उडून जाते. थोडा नमुना भाजण्यापूर्वी वाळवून तोलला की हे उघड होते. नमुना कोरडा असूनही घट जास्त आली, तरच आच व भाजणी तपासावी.

एक गोष्ट मात्र या तक्त्यात कुठेच येत नाही. ब्याडगीला मागणी आहे ती तिच्या लाल रंगासाठी. दहा किलो मिरची कमी झाली की मसाला फिका पडतो. ती तूट पुढे विक्रीखात्यात उतरते आणि तेथे तिचे नाव ‘मिश्रण’ असे कोणी लिहीत नाही.