पाठ

आमच्या वसतिगृहाच्या कपाटात मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची काही मराठी पुस्तके होती. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रे आणि पुठ्ठ्याची बांधणी. एवढ्या भांडवलावर आम्ही पुढे पुण्यात रशियन शिकायला गेलो आणि उपजीविकाही बरीच वर्षे त्याच भाषेवर चालवली. यंत्रांची माहितीपत्रके, करारनामे, सभांतील भाषणे असे पुष्कळ भाषांतर हातून झाले. त्या सगळ्यात आम्हांला खऱ्या अर्थाने घाम फोडला तो एका विनोदाने, आणि तो विनोद ह्याच वसतिगृहातला होता. तेव्हा स्मरणिकेसाठी काही लिहा असे पत्र आले, त्या वेळी दुसरा विषय सुचलाच नाही.

प्रसंग आमच्या वर्गातील काही जणांना आठवत असेल. संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालू होता. नुकताच दाखल झालेला एक मुलगा नेहमी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसत असे. गुरुजींनी त्याला उभे केले व विचारले, "धडा पाठ झाला का?" तो गप्प. "नाही ना? मग पाठ कर!" मुलगा क्षणभर थांबला आणि त्याने गुरुजींकडे चक्क पाठ केली. "हे काय?" "पाठ केली, गुरुजी." वर्ग खो खो हसला. गुरुजी ताडकन उठले, दोन पावले पुढे आले आणि थांबले. मुलाचा सदरा पाठीवर ह्या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फाटलेला होता आणि गोणपाट शिवण्याच्या सुतळीने टाचलेला होता. हसू एकेका बाकावरून विझत गेले. गुरुजी एवढेच म्हणाले, "बस."

ही आठवण आम्ही पुढे मराठीत लिहिली, 'पाठ' ह्याच शीर्षकाने. आमच्या स्नेही असलेल्या एका रशियन बाईंनी, ज्या सेंट पीटर्सबर्गमध्ये शाळेत शिकवीत असत, ती रशियनमध्ये वाचायला मागितली. एका पानाचा मजकूर. आम्हांला वाटले, संध्याकाळपर्यंत होईल.

श्लेष भाषांतरात येत नाही, हे कोणीही सांगेल. का येत नाही, हे मात्र त्या त्या श्लेषाची चिरफाड केल्यावरच कळते. आमच्या कोटीत दोन 'पाठ' आहेत. एक मुखोद्गत करण्याचा आणि दुसरी अंगाची. आज्ञार्थात दोन्ही सारखेच, 'पाठ कर'. भूतकाळात मात्र मराठी क्रियापद कर्माचे लिंग घेते. धडा पाठ केला, पण पाठ केली. त्या मुलाच्या 'केली'तील 'ली'नेच वर्गाला कोटी कळली. धड्याऐवजी कविता असती तर 'कविता पाठ केली' होऊन सगळाच डाव फसला असता! रशियन भाषेतही भूतकाळी क्रियापदाला लिंग लागते, पण ते कर्त्याचे. बोलणारा मुलगा की मुलगी एवढे ते सांगते, त्याने काय केले ह्याच्याशी त्या लिंगाचा संबंध नाही. म्हणजे शब्दही नाही आणि व्याकरणही नाही.

पहिला मसुदा आम्ही सोप्या मार्गाने केला. 'पाठ' शब्द तसाच ठेवला आणि तळटीप दिली. रशियन पुस्तकांत अशा जागी 'भाषांतर न होणारा शब्दखेळ' अशी ठरावीक टीप असते. ती इतकी परिचित आहे की तिचीच तिकडे थट्टा होते. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, "कळले." विनोद वाचून कोणी 'कळले' म्हणाले, की तो मेला असे समजावे. पण त्याहून मोठा दोष आमच्या नंतर ध्यानात आला. वर्ग हसतो नेमक्या त्याच क्षणी वाचक पानाच्या तळाशी टीप वाचत होता. तो वर आला तेव्हा सदरा फाटलेला दिसतो. हसण्यात सामील न झालेल्याला हसू विझल्याचे काय वाटणार?

तेव्हा आम्ही जुन्या जाणत्यांनी काय केले ते पाहिले. लुइस कॅरॉलच्या 'अॅलिस'ची रशियन भाषांतरे ह्या बाबतीत एक शाळाच आहेत. त्यात समुद्रातील शाळेची आठवण सांगताना एक पात्र म्हणते की, आमचे मास्तर समुद्रकासव असले तरी आम्ही त्यांना जमिनीवरच्या कासवाच्या नावाने हाक मारत असू. कारण इंग्रजी उच्चारात ते नाव आणि 'त्यांनी आम्हांला शिकवले' हे शब्द एकसारखे ऐकू येतात. रशियनमध्ये दोन्ही कासवांना एकच शब्द आहे, आपल्याकडे आहे तसाच. मग नाबोकोव्ह ह्यांनी 1923 साली बर्लिनमध्ये छापलेल्या भाषांतरात कासव सोडून दिले आणि मास्तरांना 'स्प्रूत' म्हणजे अष्टपाद केले. कारण 'स् प्रूतिकम' म्हणजे 'हातात छडी घेऊन'. निना देमुरोवा ह्यांच्या भाषांतरातही, जे प्रथम 1967 साली सोफियाहून निघाले, मास्तर 'स्प्रूतिक' आहेत. बरीस झाखोदेर ह्यांनी मास्तरांना अजगर केले. रशियनमध्ये अजगर 'पितोन' आणि शिष्य 'पितोमेत्स', म्हणून अजगराचे शिष्य 'पितोन्त्सी'.

तीनही ठिकाणी वाचक हसतो, आणि मूळ लेखकाचे तेवढेच मागणे होते. पण जरा निरखून पाहा. इंग्रजीतले मास्तर शिकवतात, नाबोकोव्ह आणि देमुरोवा ह्यांच्याकडे त्यांच्या हाती छडी आली. कोटी वाचली, मास्तर बदलले. त्या पुस्तकात ते चालते, कारण तिथे मास्तर पुन्हा कोठे उपयोगी पडत नाहीत. कासव, अष्टपाद, अजगर, काहीही चालेल. आमच्याकडे मात्र कोटीनंतर लगेच पाठ दिसायला हवी होती. ती कोटी सुटी नव्हती, तिच्या खुंटीला पुढचा सदरा टांगलेला होता.

दुसऱ्या मसुद्यात आम्ही ह्याच धड्याची चुकीची नक्कल केली. रशियनमध्ये चोख पाठ करण्याला 'नाझुबोक' म्हणतात, त्यात 'झूब' म्हणजे दात आहे. गुरुजी म्हणतात, नाझुबोक कर. मुलगा पुस्तकाचा कोपरा चावतो! बाई मोठ्याने हसल्या. आम्ही खूश झालो. मग त्यांनी विचारले, "आणि ह्यानंतर तो वळतो कशाला?" उत्तर नव्हते. त्याला फळ्याकडे पाठवावे, पुस्तक खाली पाडून वाकवावे, अशा युक्त्या आम्ही दोन दिवस करून पाहिल्या. प्रत्येक युक्तीत सदरा अपघाताने दिसत होता. मूळ प्रसंगात तो मुलाच्या स्वतःच्या विनोदाने दिसला होता. इतके दिवस भिंतीला टेकून जे झाकले, ते त्याने एका कोटीच्या भरात स्वतःच उघडे केले. हे गेले तर आठवणीत उरते काय?

तेव्हा आम्ही पद्धत उलटी केली. शब्दावरून निघायचे नाही, शेवटच्या कृतीवरून निघायचे. मुलाने पाठ वळवलीच पाहिजे, हे कायम धरले आणि शिक्षकांच्या तोंडी येणारे, पाठांतराशी संबंध असलेले सगळे रशियन वाक्प्रचार एका कागदावर लिहिले. 'नाकावर खाच पाडून ठेव', म्हणजे नीट लक्षात ठेव. 'उभे-आडवे माहीत असणे', म्हणजे पूर्ण माहिती असणे. नाक आणि दात निरुपयोगी होते. यादीत शेवटी आला तो 'झादम नापेर्योद'. शब्दशः अर्थ 'मागची बाजू पुढे', व्यवहारात 'उलट क्रमाने'. पाढे झादम नापेर्योद यायला हवेत, असे तिकडचे शिक्षक सहज म्हणतात. आमचे गुरुजी आता म्हणाले, "धडा असा यायला हवा की झादम नापेर्योदसुद्धा म्हणता आला पाहिजे!" आणि मुलाने मागची बाजू पुढे केली, भिंतीकडे तोंड केले व धडा म्हणू लागला.

ह्या वेळी आम्ही काहीच न सांगता बाईंना वाचून दाखवले. त्या हसल्या आणि पुढच्या ओळीला एकदम थांबल्या. मग म्हणाल्या, "तुम्हांला ठाऊक आहे ना, हे आम्ही सर्वांत जास्त सदऱ्याबद्दलच म्हणतो?" सदरा उलटा, पुढचा भाग पाठीवर असा घातला, तर तो झादम नापेर्योद घातला असे म्हणतात. आम्हांला हे शब्दकोशातून माहीत होते, पण सुचले नव्हते. म्हणजे रशियन वाचकाच्या मनात कोटीबरोबरच सदरा येऊन बसतो आणि पुढच्या ओळीत तो फाटलेला दिसतो. मराठीत ही सोय नाही. बाईंना त्याचा मोह पडला. मुलाने फाटका सदरा उलटाच घातलेला दाखवा, असे त्यांनी सुचवले. आम्ही नम्रपणे नकार दिला, कारण मग भोक छातीवर आले असते आणि ते सर्वांना आधीच दिसले असते!

किंमतही मोजावी लागली, ती लपवत नाही. मूळच्या मुलाला धडा येत नव्हता. रशियन मुलगा तो म्हणू लागतो, म्हणजे भाषांतरात आमचा मित्र फुकटचा हुशार झाला. दुसरी गोष्ट जास्त बोचते. 'पाठ कर' ह्या आज्ञेचा अर्थ खरोखरच 'वळ' असाही होतो. त्यामुळे त्याने खोडी केली, की घाबरून जे ऐकू आले ते निमूट पाळले, हे आम्हांला आजवर ठरवता आलेले नाही. रशियनमध्ये 'म्हणता आला पाहिजे' हे वाकवल्याशिवाय कोटी होत नाही. तिथे तो निश्चित खोडकर आहे. तोल सावरण्यासाठी आम्ही गुरुजींचे ताडकन उठणे काढून त्यांना फक्त चालत पुढे आणले. मुलाचे 'पाठ केली, गुरुजी' हे वाक्य तर गाळावेच लागले. त्याच्या जागी तो काहीच बोलत नाही.

शीर्षक मात्र जमले नाही. 'उरोक' म्हटले तर केवळ धडा उरतो आणि 'स्पिना' म्हटले तर केवळ अंगाची पाठ, शिवाय वाचकाला सदरा आधीच कळतो. बाईंना 'स्पिना' आवडत होते. आम्ही 'उरोक' लिहून पाठवले, आणि त्या कागदावर अजून ते खोडून पुन्हा लिहिल्याच्या दोन रेघा आहेत.