हजर कोण, आणि कितीपैकी?

हजेरी हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की तो अरबीतल्या ‘हाज़िर’वरून आला, हे वर्गात सांगावं लागतं. गैरहजर, तारीख, बाकी हे शब्दही त्याच वाटेने आले. उर्दूच्या तासाला मुलं ‘हाज़िर’ म्हणतात, मराठीच्या तासाला ‘हजर मॅडम’. दोन्हीकडे मी कागदावर एकच अक्षर टाकते : P. सत्राच्या शेवटी या अक्षरांची टक्केवारी निघते, आणि ७५च्या खाली असलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लागते. मुलं तिला डिफॉल्टर लिस्ट म्हणतात. यादीत नाव आलं की परीक्षेला बसू देणार की नाही, हा प्रश्न सुरू होतो.

मी ज्युनियर कॉलेजला अकरावी कला शाखेला शिकवते. मर्यादा ७५ टक्के, आणि आमच्याकडे ती प्रत्येक विषयात वेगळी पाळायची असते. एका सत्रात यादीचं टायपिंग झाल्यावर सहीसाठी ती माझ्याकडे आली. मराठीच्या यादीत एकतीस नंबरच्या मुलीपुढे ५७.७ टक्के लिहिलं होतं. ही मुलगी माझ्या वर्गात जवळजवळ रोज दिसायची. म्हणून सही बाजूला ठेवून एक्सेलची फाईल उघडली.

फाईलची रचना साधी होती. चौथ्या ओळीत तारखा, पाचव्या ओळीपासून मुलं, D पासून BC पर्यंत तासांचे बावन्न रकाने. टक्केवारीच्या रकान्यात हे सूत्र होतं :

```
=COUNTIF(D5:BC5,"P")/52*100
```

सूत्राचा वरचा भाग ठीक आहे, तो P मोजतो. प्रश्न खालच्या ५२चा होता. वेळापत्रकाप्रमाणे सत्रात मराठीचे ५२ तास व्हायला हवे होते, म्हणून कुणीतरी फाईल तयार करताना तो आकडा सूत्रातच लिहून टाकला. प्रत्यक्षात तास झाले ४८. चार तास झालेच नाहीत, कारण त्या दिवशी मला निवडणुकीच्या कामाला पाठवलं होतं आणि बदली शिक्षक मिळाला नव्हता. त्या चार रकान्यांत कुणापुढेच काही लिहिलेलं नव्हतं. पण ५२ने भागलं की रिकामा रकाना गैरहजेरीसारखाच वागतो. म्हणजे शिक्षक आले नाहीत, आणि गैरहजेरी पडली सगळ्या वर्गाच्या नावावर.

मुलीचे P होते ३०. तीस भागिले अठ्ठेचाळीस केलं, तर ६२.५ आले. तरीही ती यादीतच राहत होती. मग तिची प्रवेशाची तारीख पाहिली. ती प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत आली होती, आणि तोवर मराठीचे आठ तास होऊन गेले होते. ज्या दिवशी ती या कॉलेजची विद्यार्थिनीच नव्हती, त्या दिवशी ती गैरहजर कशी? उशिरा प्रवेश मिळालेल्यांची हजेरी प्रवेशाच्या दिवसापासून मोजायची, असं आमच्या सभेत आधीच ठरलेलं होतं. फक्त ते फाईलपर्यंत पोचलं नव्हतं. आठ वजा केल्यावर राहिले चाळीस तास. चाळीसपैकी तीस म्हणजे बरोबर ७५. मर्यादा ‘७५पेक्षा कमी’ अशी आहे, त्यामुळे ती पात्र ठरली.

मुलीने एकही तास जास्त किंवा कमी केला नाही. तिचे तीसचे तीस P जागेवरच होते, आणि टक्केवारी झाली ५७.७, ६२.५ आणि ७५. तेव्हापासून मी यादीत आधी ‘कितीपैकी’ शोधते, टक्का नंतर पाहते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. तिसऱ्या ओळीत प्रत्येक तारखेवर एक आकडा टाकला : तास झाला असेल तर 1, झाला नसेल तर 0. जोड तास असेल, तर दोन रकाने. C रकान्यात प्रत्येकाची प्रवेशाची तारीख लिहिली. सत्र सुरू होण्याआधी आलेल्यांना सत्राचा पहिला दिवस. मग BD मध्ये हजर तास आणि BE मध्ये त्या मुलासाठी झालेले तास असे दोन आकडे वेगळे काढले :

```
BD5: =COUNTIF(D5:BC5,"P")
BE5: =SUMIFS($D$3:$BC$3,$D$4:$BC$4,">="&C5)
```

आता पडताळाही घेता येतो. प्रत्येक मुलाचे P आणि A मिळून BE एवढेच भरले पाहिजेत. नाही भरले, तर कुठेतरी खाण राहून गेली आहे, किंवा P च्या पुढे नकळत एक स्पेस पडली आहे. COUNTIF छोटा p चालवून घेतो, पण ‘P आणि स्पेस’ त्याला P वाटत नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही सारखेच दिसतात. टक्केवारी शून्य आलेल्या ओळीही आधी बाजूला काढाव्यात. आमच्याकडे मराठीऐवजी उर्दू घेतलेल्या मुलांची नावं मराठीच्या फाईलमध्ये होती, आणि त्यांचा टक्का शून्य दिसत होता. खरोखर दांडी मारणारा मुलगाही दोनचार दिवस येतोच. शून्य आला, की विषय घेतलाय का ते आधी विचारायचं.

दुसरा गोंधळ उर्दूच्या यादीत निघाला. एका मुलाचे वडील नोटीस बोर्डावरून थेट स्टाफरूममध्ये आले. म्हणाले, “मॅडम, पंच्याहत्तर लिखा है, फिर नाम कायको डाला?” यादीत खरंच त्याच्यापुढे ७५ छापलं होतं. उर्दूचे ५५ तास झाले होते आणि मुलगा ४१ तासांना हजर होता. त्याचे होतात ७४.५५ टक्के. रकाना पूर्णांक दाखवण्यावर ठेवला होता, म्हणून छापताना ७५ झाले. पण एक्सेल तुलना करताना आतला खरा आकडा धरतं, दिसणारा नव्हे. त्यामुळे नाव यादीत आणि पुढे ७५, असा विचित्र कागद तयार झाला. उलट कुणी सूत्रातच ROUND घातला, तर हाच मुलगा यादीतून गुपचूप गळतो, आणि दुसऱ्या विषयाच्या फाईलमध्ये ROUND नसेल, तर तिथे तसाच मुलगा अडकतो.

मी वडिलांना कागदावर मांडून दाखवलं : पंचावन्नचे पाऊण म्हणजे सव्वा एक्केचाळीस, पाव तास कुणी बसत नाही, म्हणून बेचाळीस हवेत, एक तास कमी आहे. टक्क्यापेक्षा तासांचा हिशेब त्यांना लगेच पटला. मुलाचं आजारपणाचं सर्टिफिकेट घरी पडून होतं, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिलं. सूट द्यायची की नाही, हा अधिकार प्राचार्यांचा. त्यांनी ती दिली. त्यानंतर यादीची अट भागाकाराने न ठेवता गुणाकाराने ठेवली :

```
=IF(BD5*100<75*BE5,"कमी","")
```

यात दशांश येतच नाही, म्हणून वादही येत नाही. आणि छापील यादीत टक्क्याशेजारी ‘४१/५५’ असे दोन आकडे येतात.

आता विषयवार हिशेबाबद्दल. पुष्कळांना वाटतं, सगळ्या विषयांची मिळून सरासरी काढावी, कटकट मिटेल. बारा नंबरच्या मुलाची सरासरी उत्तम होती : २६० तासांपैकी २१९, म्हणजे ८४ टक्के. पण मराठीत ४८ पैकी २९, म्हणजे ६० टक्के. ‘याला मराठी आवडत नाही’ असा शेरा मारणं सोपं होतं. मी तारखांची ओळ पाहून त्याचे तास दोन भागांत केले. मराठीचे आठवड्याला चार तास. दोन पहिल्या तासाला, दोन मधल्या सुट्टीनंतर. सुट्टीनंतरच्या २४ तासांपैकी तो २२ तासांना होता. पहिल्या तासाच्या २४ पैकी फक्त ७ तासांना. त्याच्या गावाहून येणारी एसटीच पहिला तास संपता संपता पोचायची. त्याची गैरहजेरी विषयाची नव्हती, वेळेची होती. सरासरीत हे कधीच दिसलं नसतं.

पण कारण कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. ७५च्या मर्यादेसाठी एक सोपा आडाखा आहे : झालेल्या तासांची तिप्पट करा, त्यातून हजर तासांची चौपट वजा करा. उरेल तितके तास न चुकता बसलं, तर ७५ गाठता येतात. बारा नंबरचा हिशेब : १४४ वजा ११६, म्हणजे २८ तास. सलग सात आठवडे. सत्रात तेवढे दिवस शिल्लकच नव्हते. हाच मुलगा चार आठवडे झाले तेव्हा १६ पैकी १० तासांना होता. तेव्हाचा हिशेब ४८ वजा ४०, म्हणजे आठ तास, दोन आठवड्यांचं काम. ज्यादा तास घ्या असं आपण म्हणतो, पण प्रत्येक ज्यादा तास ‘कितीपैकी’मध्येही मिळवावा लागतो, म्हणून उशीर झाला की खड्डा भरत नाही. त्या सत्रात तो परीक्षेला बसला नाही. पुढच्या सत्रात वर्गाचा मराठीचा तास सकाळऐवजी सुट्टीनंतर ठेवला गेला.

हा तिप्पट-चौपटीचा आडाखा ७५ पुरताच चालतो. बी.एड.ला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी अभ्यासक्रमासाठी ८० आणि शाळेतल्या इंटर्नशिपसाठी ९० टक्के लावले आहेत. तिथे ८०ला चौपट वजा पाचपट, आणि ९०ला नऊपट वजा दहापट. म्हणून मर्यादा कुठली ते आधी विचारावं.

आता मी दर महिन्याच्या शेवटी यादी काढते, ती बोर्डावर लावत नाही. मुलाला जवळ बोलावून सांगते, ‘मराठीचे आणखी आठ तास, सलग.’ आकडा लहान असतो तोवर मुलं ऐकतात. एकदा तो अठ्ठावीस झाला, की घरून फोन येतात आणि सांगण्यासारखं आपल्यापाशी काही उरत नाही.