रिकार्डोचं सातवं प्रकरण : एका विद्यार्थिनीला

माझ्याकडे अर्थशास्त्राच्या शिकवणीला येणारी एक मुलगी आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आर्थिक विचारांच्या इतिहासाचा पेपर दोनदा राहिलाय. या वेळी सरांनी रिकार्डोच्या पुस्तकातलं परराष्ट्रीय व्यापाराचं अख्खं मूळ प्रकरण स्कॅन करून अपलोड केलं. चार दिवसांनी तिचा निरोप आला : "मॅडम, तिसऱ्या पानापुढे जात नाही. माझं इंग्रजीच कच्चं आहे. हा विषय सोडून देऊ का?" तिच्या पीडीएफची पहिली तीन पानं मी पाहिली. प्रत्येक ओळ पिवळी केलेली आणि समासात शब्दकोशातले अर्थ. ते पाहून तिला जे लिहिलं, ते थोडं नीटनेटकं करून इथे ठेवते आहे. हे प्रकरण दरवर्षी कुणा ना कुणाच्या वाट्याला येतंच.

* * *

विषय सोडायचा की नाही, ते आपण पुढच्या रविवारी ठरवू. त्याआधी हे प्रकरण चार वेळा वाच. चारही वेळा वेगवेगळ्या कामासाठी वाचायचं आहे, आणि पहिल्या वेळी शब्दकोश बंद ठेवायचा आहे.

पहिलं वाचन पाऊण तासाचं. समजून घ्यायचा प्रयत्न करायचा नाही. प्रत्येक परिच्छेदाशेजारी पेन्सिलीने एकच शब्द लिहायचा : हा कशाबद्दल बोलतोय? नफा, मजुरी, कापड, दारू, भांडवल, सोनं... बस. शेवटी ते शब्द ओळीने वाचलेस की दिसेल, प्रकरणाचे ढोबळ चार तुकडे आहेत. आधी व्यापार आणि नफा. मग इंग्लंड-पोर्तुगालचं उदाहरण. त्याला चिकटूनच भांडवल देश का सोडत नाही, ते. आणि तिथून शेवटापर्यंत सोनं आणि किमती. तू अडकलीस पहिल्या तुकड्यात, आणि परीक्षेत विचारतात ते आहे दुसऱ्यात. तिथवर तू पोचलीच नाहीस.

पहिल्या तुकड्यात अडकायचं कारण इंग्रजी नाही. अगदी सुरुवातीला रिकार्डो म्हणतो की परदेशी व्यापार वाढला म्हणून देशातलं मूल्य लगेच वाढत नाही, वस्तूंचा साठा मात्र भरपूर वाढतो. तू 'व्हॅल्यू'च्या पुढे शब्दकोशातून 'किंमत, संपत्ती' असं लिहिलंयस. तो अर्थ घेतला तर वाक्य वेड्यासारखं होतं : वस्तू वाढल्या पण संपत्ती वाढली नाही? रिकार्डोच्या लेखी मूल्य ठरतं ते वस्तू बनवायला लागलेल्या श्रमावर. पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात त्याने ते सांगून ठेवलंय, पण सरांनी फक्त सातवंच प्रकरण दिलं. आता पुन्हा वाच. जेवढ्या श्रमाचा माल बाहेर पाठवला, तेवढ्याच श्रमाच्या मोबदल्यात जास्त वस्तू घरी आल्या. श्रम तेवढाच, म्हणून मूल्य तेवढंच. एवढी एक खूण लक्षात ठेव : शहाण्या माणसाचं वाक्य उघड मूर्खपणाचं वाटलं, तर त्यातला एखादा ओळखीचा शब्द वेगळ्या अर्थाने आलेला असतो. अनोळखी शब्द सोड, तो ओळखीचा शब्द शोध.

त्या तुकड्यातलं दुसरं म्हणणंही एका ओळीत मावतं : बाहेरून स्वस्त धान्य आलं तर मजुरी उतरते आणि नफ्याचा दर वाढतो, रेशीम, मखमल स्वस्त झाली तर श्रीमंतांची चैन होते, पण नफ्याचा दर हलत नाही. एवढं कळलं की पुढे चल.

दुसरं वाचन फक्त आकड्यांचं. तो परिच्छेद शोध आणि वाचता वाचता कागदावर तक्ता कर. पुस्तकात तक्ता नाहीच, सगळं वाक्यांत आहे, म्हणून ते जड वाटतं. इंग्लंडला ठरावीक कापड करायला वर्षभर 100 माणसं लागतात आणि ठरावीक दारू करायला 120. पोर्तुगालला तेवढ्याच कापडाला 90 आणि तेवढ्याच दारूला 80. म्हणजे पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही रिकार्डो म्हणतो, पोर्तुगालने कापड इंग्लंडकडूनच घ्यावं.

इथे बेरीज करून बघ. दोघांनी दोन्ही वस्तू आपापल्या घरी केल्या, तर इंग्लंडची 220 आणि पोर्तुगालची 170 माणसं, मिळून 390. आता इंग्लंडने दोघांचंही कापड केलं तर 200, पोर्तुगालने दोघांचीही दारू केली तर 160. मिळून 360. माल तेवढाच, आणि 30 माणसं मोकळी झाली : इंग्लंडची 20, पोर्तुगालची 10. पोर्तुगालच्या बाजूने बोलायचं तर 80 माणसांची दारू देऊन त्याला असं कापड मिळतं, ज्याला घरी 90 माणसं लागली असती. ते कापड करायला इंग्लंडला 100 लागली, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

एक सावधगिरी. हे आकडे एका वाराचे किंवा एका पिंपाचे नाहीत. जेवढ्या कापडाच्या बदल्यात जेवढी दारू जाते, त्या सगळ्या मालाचे आहेत. गाइडमध्ये 'दर नगास इतके तास' असा तक्ता असतो, आणि मग दोन वस्तूंची अदलाबदल कोणत्या दराने होते ते वेगळं ठरवावं लागतं. रिकार्डोच्या आकड्यांत तो दर आधीच बसलेला आहे. तू दोन्ही तक्ते एकाच उत्तरात मिसळतेस. मागच्या पेपरच्या उत्तरात तू "इंग्लंडमध्ये कापडाला कमी श्रम लागतात म्हणून" असं लिहिलं होतंस, ते तिथूनच आलं. असं वाक्य पेनातून उतरलं की समज, दुसरं वाचन झालेलं नाही.

याच जागी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप आहे. ती सोडू नकोस, साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे. दोन माणसं टोप्याही करतात आणि जोडेही. एक जण दोन्हींत पुढे : टोप्यांत एक पंचमांशाने, जोड्यांत एक तृतीयांशाने. तू याला आकडे लाव. मागचा दिवसाला 5 टोप्या किंवा 3 जोड करतो असं धर. मग पुढचा 6 टोप्या किंवा 4 जोड करतो. पुढच्याने अर्धा दिवस टोप्या सोडून जोडे केले, तर 3 टोप्या कमी झाल्या आणि 2 जोड वाढले. मागच्याने तेवढेच 2 जोड कमी केले, तर त्याचा दोन तृतीयांश दिवस सुटला, आणि त्यात 3 टोप्या होऊन वर आणखी एका टोपीचा तिसरा हिस्सा झाला. जोड तेवढेच राहिले, टोपीचा तिसरा हिस्सा मात्र कुणाच्याही जादा कष्टाशिवाय आला. हे स्वतःच्या हाताने मांडल्याशिवाय 'तुलनात्मक लाभ' हा शब्द वापरायचा नाही.

तिसरं वाचन एका प्रश्नासाठी : पोर्तुगाल दोन्हींत सरस आहे, तर सगळंच तिथे का करू नये? तिथे दोघांचंही कापड 180 माणसांत आणि दारू 160 माणसांत होईल. बेरीज 340. म्हणजे 360 पेक्षाही कमी! रिकार्डोला हे ठाऊक आहे. इंग्लंडमधलं भांडवल आणि कामगार पोर्तुगालला गेले तर इंग्लंडच्या भांडवलदारांचा आणि दोन्हीकडच्या गिऱ्हाइकांचा फायदाच होईल, असं तो स्वतःच म्हणतो. पण ते जात नाहीत. परक्या राज्यात पैसा सुरक्षित वाटत नाही, आणि जन्मभूमी सोडून अनोळखी कायद्यांखाली राहणं माणसाला नको असतं. ही भावना कमी झालेली आपल्याला आवडणार नाही, असंही तो जाता जाता सांगून टाकतो. एका देशाच्या आत अशी अडचण नसते. म्हणूनच तो म्हणतो की देशातल्या देशात 100 इंग्रजांचे श्रम 80 इंग्रजांच्या श्रमांना दिले जात नाहीत. पण 100 इंग्रजांच्या श्रमाचा माल 80 पोर्तुगीजांच्या, 60 रशियनांच्या किंवा 120 हिंदुस्थानी माणसांच्या श्रमाच्या मालाला दिला जाऊ शकतो. ते वाक्य तू पिवळं केलं असतंस. आता ते वाचून बघ, त्यात काही कठीण उरलं आहे का.

390, 360, 340 हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेव. पहिल्यातून दुसऱ्यात नेतो तो व्यापार. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाऊ देत नाही ती भांडवल जागचं न हलण्याची अट. 'टीकात्मक परीक्षण करा' असं आलं की इथूनच सुरुवात कर. आज कारखाना एका देशातून दुसऱ्या देशात सहज जातो, मग ही अट किती उरली? हा प्रश्न त्याच्याच पानातून निघतो, त्यासाठी गाइडमधले सात मुद्दे पाठ करावे लागत नाहीत.

चौथं वाचन सोन्या-किमतींचं, आणि ते शेवटीच. तिसऱ्याच्या आधी तिथे गेलीस तर पुन्हा गुंतशील. तिथेही एकच प्रश्न घेऊन जा : व्यापारी श्रम मोजत नाही, पैसे मोजतो, मग व्यापार उलटतो कसा? रिकार्डोचं उदाहरण असं. इंग्लंडमध्ये दारू 50 पौंड, कापड 45. पोर्तुगालमध्ये दारू 45, कापड 50. दोन्ही बाजूंनी 5 पौंड सुटतात. आता इंग्लंडला दारू करायची नवी युक्ती सापडली आणि तिथेही दारू 45 झाली. पोर्तुगालची दारू येणं थांबलं, पण कापड अजून जातंय, म्हणून त्याच्या बदल्यात सोनं यायला लागलं. सोनं साचलं की इंग्लंडमधल्या किमती चढतात, पोर्तुगालमधल्या उतरतात, आणि एक दिवस कापड पाठवणंही परवडेनासं होतं. बाण काढून ही साखळी मांड. एखादा बाण का आहे ते सांगता आलं नाही, तर फक्त तेवढाच परिच्छेद पुन्हा वाच. सारं प्रकरण पहिल्यापासून नको.

प्रत्येक वाचनाच्या मध्ये एक रात्र जाऊ दे. रविवारी येताना पीडीएफ आणू नकोस. अर्धं पान मराठीत लिहून आण : ज्याला स्वतः कापड करायला 90 माणसं पुरतात, तो 100 माणसांनी केलेलं कापड विकत का घेतो? पोर्तुगालमधल्या एखाद्या दारूवाल्याला समजावतेस असं समज. तू त्याला पटवलंस, तर इंग्रजीची तक्रार मी ऐकणार नाही. नाही पटलं, तर कोणत्या वाक्यावर तो "थांबा" म्हणाला तेवढं सांग. आपण तिथूनच सुरू करू.