समुद्रावरचा सूर्य: उगवता की मावळता?

आपल्या मराठी डोळ्याला समुद्रावरचा सूर्य म्हणजे मावळता सूर्य. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढे गोव्यात, समुद्र पश्चिमेला. जुहू, गणपतीपुळे, तारकर्ली, कुठलाही फोटो घ्या, पाण्यावर लालबुंद गोळा दिसला की आपण मनात ‘संध्याकाळ’ म्हणून मोकळे होतो. ही सवय किती खोल असते ते मला गोपाळपूरला कळलं. ओडिशातल्या या गावी आर्मी एअर डिफेन्स कॉलेज आहे. तिथे मी कोर्सला असताना सांगलीकडचा एक नवा जवान पहिल्याच रविवारी संध्याकाळी अंघोळ-बिंघोळ करून किनाऱ्यावर जाऊन बसला. सूर्यास्त बघायला. समोर समुद्र हळूहळू राखाडी होत गेला आणि सूर्य त्याच्या पाठीमागे, केवड्याच्या बनांपलीकडे बुडाला. परत येऊन तो म्हणाला, “साहेब, इथला समुद्र उलटा आहे.”

उलटा नाही, पूर्वेला आहे. फोटोतून जागा ओळखताना हीच गोष्ट उपयोगी पडते. सूर्य पाण्यावर आहे आणि ती सकाळ आहे असं ठरलं तर किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, संध्याकाळ असेल तर पश्चिमेकडे. पण लक्षात घ्या, किनारा म्हणजे पायाखालची ती वाळू; देशाचा किंवा राज्याचा किनारा नव्हे. मुंबई पश्चिम किनाऱ्यावर असली तरी गेटवे ऑफ इंडियाचं तोंड बंदराकडे, म्हणजे पूर्वेच्या बाजूला आहे, आणि तिथे सूर्य पाण्यावर उगवतो. भावनगरजवळ घोघ्याला खंभातचं आखात पूर्वेला आहे. उलट अंदमानात, बंगालच्या उपसागरातल्या हॅवलॉक बेटावर, राधानगरचा किनारा पश्चिमेला बघतो. कन्याकुमारीत तर दोन्ही समुद्रात. तेव्हा ‘पाण्यावर सूर्योदय, म्हणजे मद्रासची बाजू’ अशी उडी मारायची नाही.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. एकाच फोटोत सूर्य क्षितिजावर दिसतोय. तो वर येतोय की खाली जातोय हे कसं सांगणार? ‘मावळता जास्त लाल असतो’ असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. लाली हवेतल्या धुळीवर आणि दमटपणावर अवलंबून असते, आणि जुन्या रंगीत प्रिंटमध्ये तर स्टुडिओच्या रसायनांवर. मी रंगावर एक पैसाही लावणार नाही. मनगटावरचं घड्याळही कामाचं नाही. आपल्या दक्षिण भागात उजाडतं सहाच्या आसपास, हिवाळ्यात मावळतंही सहाच्या आसपास, आणि काट्यांच्या घड्याळात दोन्ही सहा सारखेच.

हे सगळं लिहायचं कारण एक प्रिंट आणि निगेटिव्हची एक पट्टी. आमच्या युनिटचे एक शिपाई १९८८ मध्ये शांतिसेनेत, श्रीलंकेत, कामी आले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पण युनिट त्यांच्या घराला विसरलेलं नाही, आणि म्हणून गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा मला फोन आला. वडील गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावात ग्रामपंचायत स्मारक बांधतेय, त्यावर वडिलांचा फोटो कोरायचा आणि खाली ठिकाण लिहायचं. घरात चांगला असा एकच फोटो: समुद्र, पाण्यावर सूर्य, बनियनवर बसलेले चार तरुण, त्यात ते हसताहेत. आई म्हणतात, हा गोव्याचा. ८६ च्या सुट्टीत मित्रांबरोबर गेले होते. गावातले एक निवृत्त हवालदार म्हणतात, हा लंकेतला, त्रिंकोमालीचा. “साहेब, दगडात एकदा कोरलं की कोरलं,” मुलगा म्हणाला. “आणि गोवा असेल तर स्मारकावर सहलीचा फोटो कसा लावायचा?”

गोव्याचा किनारा पश्चिमेला, त्रिंकोमालीचा पूर्वेला. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर आला: सकाळ की संध्याकाळ?

प्रिंटमध्ये एक गोष्ट लगेच दिसली. डावीकडे तीन दगडांची चूल आणि तिचा धूर. धूर समुद्राकडे झुकलेला. दिवसा जमीन पाण्यापेक्षा जास्त तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हा वारा बहुधा सूर्य बुडेपर्यंत आणि नंतरही काही वेळ टिकतो. रात्री जमीन लवकर निवते, मग वारा उलटतो आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. कोळी याच वाऱ्यावर शिडं लावून पहाटे बाहेर पडत आणि दुपारच्या वाऱ्यावर परत येत. गोव्यात संध्याकाळी धूर समुद्राकडे जाणं अवघड आहे. कोरड्या महिन्यांत तेव्हा खारा वारा आत येत असतो आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वाराही समुद्रावरूनच येतो. त्रिंकोमालीला मात्र पहाटे धूर समुद्राकडे जाणं अगदी साहजिक. उन्हाळ्या-पावसाळ्यात तर तिथे नैर्ऋत्येचा वारा बेट ओलांडून जमिनीवरूनच येतो.

तरी मी मुलाला लगेच ‘लंका’ म्हणून सांगितलं नाही. चुलीमागे एखादी भिंत, होडी किंवा वाळूचा उंचवटा असला की वारा गिरकी घेतो आणि धूर भलतीकडे जातो. धूर हा साक्षीदार बरा, पण एकटा पुरेसा नाही. मी विचारलं, निगेटिव्ह आहे का? दोन दिवसांनी उत्तर आलं: ट्रंकेत स्टुडिओचं पाकीट आहे, त्यात सहा फ्रेमची एक पट्टी.

निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच छापलेले फ्रेमचे आकडे असतात. इथे ७ ते १२ होते. घरातली प्रिंट म्हणजे फ्रेम ८. आणि फ्रेम ११ मध्ये तेच चौघं, तीच जागा, तोच समुद्र, पण सूर्य वेगळ्या उंचीवर. एका फोटोत जे कळत नाही ते दोन फोटोंत कळतं, फक्त त्यांचा क्रम माहीत हवा. पट्टी मुलानेच खिडकीच्या काचेवर धरून भिंगातून बघितली, मी फोनवर होतो. आठमध्ये सूर्याचा मध्य साधारण क्षितिजरेषेवर, अर्धा गोळा वर. अकरामध्ये सूर्य पाण्यापासून सुटलेला, मध्य क्षितिजापासून जेमतेम एक मिलिमीटर वर. गोळ्याची रुंदी मोजू नकोस, असं मी त्याला बजावलं होतं. फिल्मवर सूर्य प्रखरतेने फुगतो आणि आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मोजायचा तो मध्य.

आता एक मिलिमीटर म्हणजे किती वेळ? त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यांची लेन्स बहुधा ३५ ते ४० मिलिमीटरची. तेवढ्या लेन्सला निगेटिव्हवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातला सुमारे दीड अंश. सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटं घेतो, आणि लंकेसारख्या ठिकाणी तो क्षितिजावरून जवळजवळ सरळ उभा चढतो. म्हणजे दोन फोटोंमध्ये सहा मिनिटांच्या आसपासचं अंतर. आठनंतर अकरा, सूर्य खालून वर. सकाळ.

एक फट उरली होती. काही ऑटोमॅटिक कॅमेरे फिल्म घातल्याबरोबर सगळी आधीच पुढे गुंडाळतात आणि मग शेवटच्या फ्रेमपासून उलटे फोटो घेतात. तसला कॅमेरा असेल तर अकरा आधी आणि आठ नंतर, म्हणजे सूर्य वरून खाली आणि आपली सकाळ झाली संध्याकाळ. कॅमेरा कुठला होता हे सांगणारं आता कोणी नाही. म्हणून मी मुलाला विचारलं, सूर्य सोड, माणसं काय करताहेत ते सांग. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आठमध्ये किटली चुलीवर आहे. मग वाळूवर पालथे घातलेत, एकात एक. अकरामध्ये चौघांच्या हातात मग आहेत. अण्णा फुंकर मारताहेत.”

सहा मिनिटांत किटली चुलीवरून मगात. क्रम सरळ होता, आठ आधी आणि अकरा नंतर. धूर, सूर्य आणि चहा, तिघांनी एकच सांगितलं. फोटो सकाळचा, किनारा पूर्वेचा. गोवा बाद.

पण इथेच थांबावं लागतं. पूर्वेचा किनारा म्हणजे त्रिंकोमाली असं या पट्टीवर कुठेही लिहिलेलं नाही. लंकेला जाणाऱ्या पलटणी मद्रासहूनही गेल्या, आणि मद्रासच्या किनाऱ्यावरही सूर्य असाच उगवतो. फोटोत देऊळ नाही, टेकडी नाही, दीपगृह नाही, पाटी नाही. होड्या असत्या तरी काही बोलल्या असत्या. हवालदारसाहेब त्रिंकोमाली म्हणतात, ते स्वतः तिथे होते, त्यांच्या शब्दाला वजन आहे. पण हा फोटो काढला तेव्हा ते शेजारी नव्हते, हे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितलं. मी मुलाला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या करून सांगितल्या: हे नक्की, आणि हे बहुतेक.

आईंना गोव्याचं वाईट वाटेल असं त्याला वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, सकाळचा आहे का नक्की? मग म्हणाल्या, सुट्टीत ते कधी आठच्या आत उठले नाहीत, तेव्हा गोवा नसेलच.

महिन्याभराने मुलाने दगडाचा फोटो पाठवला. वर नाव, हुद्दा, ‘श्रीलंका, १९८८’ हे युनिटच्या रेकॉर्डप्रमाणे. कोरीव चेहऱ्याखाली ठिकाणाच्या जागी एवढंच: ‘पूर्व समुद्रकिनारी, सकाळी’. पाथरवटाने एक भर स्वतःच्या मनाने घातली आहे, कोपऱ्यात छोटी किटली. ती राहू द्यायची की तासून काढायची, यावर ग्रामपंचायतीत अजून चर्चा चालू आहे.