लेखाखालची लिंक कुठून येते?

माझ्या सिकलसेलवरच्या लेखाच्या शेवटी 'आणखी वाचा' म्हणून एक लिंक आहे. डॉक्टरांनी दिली आहे म्हणजे खात्रीचीच असणार, असं समजून तुम्ही ती उघडता. म्हणूनच ती तिथे कशी आली, हे तुम्हाला सांगायला हवं.

एखादं पान शोधात किती वर दाखवायचं हे ठरवताना, इतर कोणत्या संकेतस्थळांनी त्या पानाची लिंक दिली आहे हेही गूगल पाहतं. त्यामुळे छोटे ब्लॉग लिहिणारे लोक आम्हाला ईमेल करतात: माझ्याकडे तुमच्या वाचकांच्या उपयोगाचं काही आहे, लिंक द्याल का? असं विचारण्यात गैर काहीच नाही. त्यातलाच एक ईमेल साधारण असा होता:

'डॉक्टर साहेब, नमस्कार. तुमच्या सिकलसेलच्या लेखात "लग्नाआधी तपासणी" या भागातली लिंक आता उघडत नाही. मी देवरी भागातल्या तपासणी शिबिरांत मदत करतो. आई-वडिलांच्या तपासणीवरून बाळाला किती धोका आहे हे सांगणारा मराठी तक्ता मी माझ्या ब्लॉगवर ठेवला आहे. योग्य वाटल्यास त्या जागी त्याची लिंक द्यावी. काही चुकलं असल्यास कळवावं. लिंक नाही दिली तरी चालेल.'

मी आधी जुनी लिंक उघडून पाहिली. ते सरकारी पान खरंच हटवलेलं होतं. मग तक्ता ओळीने वाचला. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे एएस असतील, तर बाळ सिकलसेलचं रुग्ण (एसएस) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के. एक जण वाहक आणि दुसरा निरोगी असेल, तर बाळ रुग्ण होत नाही, पण वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. हे आकडे बरोबर होते.

त्याखालच्या दोन वाक्यांवर मात्र मी थांबलो. पहिलं वाक्य होतं, 'चार मुलांपैकी एकाला आजार होतो.' हे वाचून पहिलं मूल आजारी असलेलं जोडपं समजेल की आता पुढची तीन सुखरूप. प्रत्यक्षात प्रत्येक गरोदरपणात २५ टक्क्यांचा धोका नव्याने असतो. दुसरं वाक्य होतं, 'सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह म्हणजे सिकलसेलचा आजार.' ही चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांतही पॉझिटिव्ह येते. दोघांतला फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. आपल्या जिल्ह्यात वाहक बरेच आहेत. अशा एका वाक्यावरून धडधाकट मुलीला 'आजारी' ठरवून जमलेलं लग्न मोडू शकतं.

मी दोन्ही गोष्टी त्या तरुणाला कळवल्या. त्याने वाक्यं बदलली, मी पुन्हा वाचलं आणि मग लिंक दिली. पैसे घेतले नाहीत, बदल्यात त्याच्याकडून माझी लिंकही मागितली नाही.

त्याच विषयावर दुसराही ईमेल आला होता. त्यात माझ्या कोणत्याही लेखाचं नाव नव्हतं, नुसतं 'तुमचा सुंदर ब्लॉग' असं होतं. सिकलसेल मुळापासून बरा करणाऱ्या काढ्याच्या पानाची लिंक द्यायची, त्याचे पैसे मिळतील, पण ती जाहिरात आहे असं लिहायचं नाही, अशी अट होती. पैसे घेऊन दिलेल्या लिंकला आतून `rel="sponsored"` अशी खूण लावावी, असा गूगलचा नियम आहे. पण ही खूण वाचकाला पानावर दिसत नाही. काढ्याच्या भरवशावर हायड्रॉक्सीयुरियाची गोळी बंद केली, तर रुग्णाचे दुखण्याचे झटके वाढू शकतात. मी त्या ईमेलला नकार कळवला.

मी तपासलं तरी एक मर्यादा उरतेच. लिंक दिल्यानंतर पलीकडचं पान मालक कधीही बदलू शकतो. कधी संकेतस्थळाचं नाव दुसराच कोणी घेतो आणि तिथे आरोग्याऐवजी जुगाराची जाहिरात दिसू लागते. मी दर काही महिन्यांनी लिंका उघडून पाहतो, पण मधल्या काळात तुम्हीच तिथे आधी पोहोचाल.

म्हणून लिंक कुणीही दिलेली असो, तिकडे गेल्यावर तीन गोष्टी पाहा. पान कोणी लिहिलं आहे? ते शेवटचं कधी तपासलं आहे? आणि वाचून झाल्यावर तिथे तुम्हाला काही विकत घ्यायला सांगतात का? विकत घ्यायला सांगत असतील, तर चालू असलेलं औषध बंद करण्याआधी तो मजकूर मोबाइलवर आपल्या डॉक्टरांना दाखवा. माझ्या एखाद्या लेखातली लिंक तुटलेली किंवा बदललेली दिसली, तर लेखाचं नाव आणि ते वाक्य लिहून मला कळवा.