गॅसची रजा

मुलाकडे पुण्याला पाच महिने राहायचं ठरलं आणि घरातल्या एकेका वर्गणीला सुट्टी मिळू लागली. पेपरवाला ‘बरं’ म्हणाला, दूधवालाही ‘बरं’ म्हणाला. उरला गॅस.

मुलगा फोनवर म्हणाला, “बाबा, कनेक्शन बंदच करून टाका. अनामत परत मिळेल.”

पैसे परत म्हटल्यावर मी लगेच कपाटाच्या तळाशी शिरलो. विम्याच्या पावत्या आणि माझी मॅट्रिकची गुणपत्रिका (ही कुणाला दाखवत नाही) यांच्याखाली गॅसचा पिवळा पडलेला कागद सापडला. नाव भारदस्त : सबस्क्रिप्शन व्हाउचर. म्हणजे गॅससुद्धा वर्गणीच निघाली!

कागद घेऊन एजन्सीत गेलो. काउंटरवरच्या पोरानं तो उलटसुलट पाहिला.

“मामा, कायमचं बंद करायचंय का गावाला जाताय?”

“फरक काय पडतो?”

“लई पडतोय! बंद केलासा तर या कागदावर जेवढी अनामत हाय, तेवढीच मिळणार. आजच्या भावानं न्हाई.”

कागदावरचा आकडा पाहिला. एवढ्यात आम्हा दोघांचं तांबड्या-पांढऱ्यासकट मटणाचं ताट जेमतेम येईल! आणि परत आल्यावर? २०२२ साली वाढलेल्या दरानं एका सिलिंडरची अनामत २,२०० रुपये. आमचे सिलिंडर दोन, म्हणजे ४,४००. रेग्युलेटरचे २५०. एकूण ४,६५०. शिवाय नवे कागद, नवा ग्राहक क्रमांक. मटण चांगलंच महागात पडलं असतं.

“मग ‘सेफ कस्टडी’त ठेवा की! दोन्ही सिलिंडर आणि रेग्युलेटर इथं जमा करा, पावती घ्या. अनामत तिकडंच राहील, नंबरबी तुमचाच. आल्यावर पावती दाखवा. शेगडी तुमची, ती घरात राहू दे. तेवढी पावती हरवू नका.”

“आणि सिलिंडरमध्ये उरलेला गॅस?”

“त्याचे पैशे मिळत न्हाईत, मामा.”

हे ऐकल्यावर घरी ज्योतीला विश्रांती नव्हती. चकल्या झाल्या, लाडू झाले. शेवटी गिझर असताना मी गॅसवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ केली. पाणी निम्मं कोमट असतानाच ज्योत विझली. हिशेब चोख!

रात्री मुलाचा फोन आला. “केलंत ना बंद? तसंही आता तिकडं एकटं राहून...” त्यानं वाक्य अर्धवट सोडलं. पाच महिन्यांचा त्याचा हिशेब वेगळाच होता, हे तेव्हा ध्यानात आलं.

हिनं माझ्या हातून फोन घेतला. “बंद नाही केलं रे. रजेवर टाकलंय.”

मग तिनं पावतीची घडी केली आणि देव्हाऱ्यात अंबाबाईच्या तसबिरीमागे ठेवली.

“अहो, पुण्याला नेऊ नका ही. इथंच राहू दे. परत आल्यावर लागेल.”