एकाच दुकानी की बाजारभर?

यावलच्या आमच्या शेजारी एक केळीबागाईतदार राहतात. बाग कापणीस आला की ते दोन दिवस रावेरचा भाव विचारीत फिरतात, आणि अखेरीस बहुधा नेहमीच्याच व्यापाऱ्यास माल देतात. त्यांच्या या घालमेलीस आम्ही आजवर हसत आलो. परंतु गेल्या वर्षी आमचा बारा निबंधांचा संग्रह ई-पुस्तकरूपाने स्वतःच काढावयाचे ठरविले, तेव्हा तीच घालमेल आमच्या वाट्यास आली.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके स्वतः प्रसिद्ध करण्याची सोय 2016 च्या अखेरीपासून आहे. तेथे पुस्तक चढविताना ‘केडीपी सिलेक्ट’ नावाच्या योजनेत नाव घालावयाचे काय, असा प्रश्न येतो. नाव घातले की नव्वद दिवस त्या पुस्तकाची डिजिटल प्रत अन्यत्र कोठेही ठेवता येत नाही; गूगल प्लेवर नाही, बुकगंगेवर नाही, स्वतःच्या संकेतस्थळावर फुकटही नाही. छापील प्रतीस हे बंधन नाही. बदल्यात पुस्तक ‘किंडल अनलिमिटेड’ या वर्गणीच्या वाचनालयात जाते, आणि वर्गणीदाराने प्रथमच वाचलेल्या प्रत्येक पानामागे लेखकास काही पैसे मिळतात. तेच पान त्याने पुन्हा वाचल्यास काही नाही. पानाचा दर मात्र आधी ठरलेला नसतो. महिना सरल्यावर एका सामाईक निधीतून तो निघतो.

आमच्यासारख्यास खरा मोह निराळाच असतो. भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असेल, तर या योजनेत असणे भाग आहे. एरवी पस्तीसच टक्के. आम्ही कागद घेऊन बसलो. किंमत दीडशे रुपये धरली व कर बाजूस ठेवला. सत्तर टक्के काढण्यापूर्वी किमतीतून फाइलीच्या आकाराप्रमाणे पोचवणावळ कापली जाते. चित्रे नसल्याने ती पाच रुपये धरली, तर एकशे पंचेचाळीसांचे सत्तर टक्के, म्हणजे एकशे एक रुपये पन्नास पैसे हाती येतात. योजनेबाहेर पोचवणावळ नाही, पण मिळणार साडेबावन्न. तीन महिन्यांत चाळीस प्रती खपल्या असे मानले, तर फरक एकोणीसशे साठ रुपयांचा झाला. इतर दुकानांतून प्रतीमागे पंचाहत्तर सुटतील असा अंदाज केला, तर ही तूट भरून काढण्यास तेथे सत्तावीस प्रती खपावयास हव्यात. आमच्या ओळखीचा परीघ पाहता हा आकडा लहान नव्हे. आम्ही योजनेच्या बाजूस झुकलो, हे कबूल केले पाहिजे.

तेवढ्यात सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, त्यांतले तीन निबंध त्या दिवाळी अंकात आले होते ना? तो अंक तर अजून इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो.” आम्ही चपापलो. नमुना म्हणून पुस्तकाचा दहावा हिस्सा अन्यत्र असला तर चालतो. आमचे तीन निबंध मिळून एकशे साठांपैकी अडतीस पाने भरत होती, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. अशा वेळी इशाऱ्याचे पत्र येते, पुस्तक योजनेतून निघते, मानधनही अडकू शकते. आणि प्रत कोणी ठेवली हा बचाव होत नाही. संपादकांस अंक काढून घेण्याची विनंती करावी, तर त्यांत इतर वीस लेखकांचे लेखन होते. प्रकाशनापूर्वी आपल्याच पुस्तकातील एखादे विशिष्ट वाक्य अवतरणात घालून शोधयंत्रावर टाकावे, एवढा साधा उपाय आम्हांस सुचू नये, याची लाज वाटली.

मग पानांच्या हिशेबाकडेही नव्या नजरेने पाहिले. पानामागे दहा पैसे समजा. दोनशे पानांची कादंबरी हाती धरणारा शेवटपर्यंत जातो व लेखकास वीस रुपये देतो. शिवाय पुढचा भाग असेल तर तोही उघडतो. निबंधसंग्रहाचा वाचक दोन निबंध चाखतो, आणि पुस्तक परत करतो. त्याचे तीन-चार रुपये झाले. ज्या लेखनाचा गुणच मधूनच वाचता येणे हा, त्यास पानावर मोल देणारे वाचनालय मानवत नाही. या योजनेत रहस्यकथांच्या मालिका सुखावतात, त्यात नवल ते काय?

योजनेची आणखी एक खोड ध्यानात ठेवावी. नव्वद दिवस संपताच नूतनीकरण आपोआप होते. ती खूण काढून टाकली तरी चालू मुदत पुरी होईपर्यंत सुटका नाही. आणि मुदतीच्या आतच दुसऱ्या दुकानी प्रत चढविली तर करार मोडतो. शिवाय नव्या दुकानी वाचकांचे अभिप्राय शून्यापासून जमवावे लागतात. म्हणून दर तिमाहीस आत-बाहेर करणाऱ्याचे कोठेच बस्तान बसत नाही.

संग्रह आम्ही बाजारभर ठेवला आहे. पहिल्या तिमाहीत इतर दुकानांतून अकरा प्रती गेल्या, म्हणजे सत्तावीसांचा मेळ काही बसला नाही. त्यांतल्या चार परदेशी गेलेल्या यावलकरांनी घेतल्या. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची कादंबरी तयार होत आहे, पुढचे दोन भागही त्याच्या डोक्यात आहेत. त्यास आम्ही योजनेतच जाण्यास सांगितले. मात्र व्हॉट्सॲपवर तो प्रकरणे वाटीत असतो, ती आधी बंद कर म्हटले.